दहा टक्क्यांचा हिशोब: कढीपत्त्यावरच्या सुरवंटाकडून शिकू या

प्रश्न: पुण्यात नववी-दहावीला विज्ञान शिकवते. अन्नसाखळीत एका पातळीवरून वरच्या पातळीवर फक्त दहा टक्के ऊर्जा जाते, असं पुस्तकात आहे. मुलं विचारतात, दहाच का? बाकीची नव्वद टक्के कुठे जाते? ‘उष्णता म्हणून जाते’ एवढ्याने त्यांचं समाधान होत नाही. वर्गात करून दाखवता येईल असं काही आहे का?

उत्तर:

नव्वद टक्के एकाच वाटेने जात नाहीत. त्यांना तीन वाटा फुटतात, आणि त्या वेगवेगळ्या दाखवल्या की मुलांची शंका बरीचशी मिटते.

पहिली वाट म्हणजे न खाल्लेलं. झाडाने वर्षभरात जेवढी पानं, फांद्या, मुळं, बिया तयार केल्या त्यातला मोठा हिस्सा कोणीच खात नाही. तो वाळतो, गळतो, कुजतो. दुसरी वाट न पचलेलं. जे पोटात गेलं त्यातला काही भाग विष्ठेतून जसाच्या तसा बाहेर पडतो. तिसरी वाट जगण्याचा खर्च. जे पचून रक्तात गेलं त्याचा मोठा भाग प्राणी श्वसनात जाळतो: हालचाल, हृदयाचे ठोके, झिजलेल्या पेशींची डागडुजी, काहींच्या बाबतीत शरीर गरम ठेवणं. या तिन्हींतून जे उरतं ते नवं शरीर, म्हणजे वाढलेलं वजन, अंडी, पिल्लं. पुढच्या भक्षकाच्या वाट्याला येतं ते एवढंच.

तुमच्या मुलांचं उत्तर ‘उष्णता’ या शब्दावर अडतं याचं कारण इथे आहे. उष्णता होते ती फक्त तिसऱ्या वाटेने. पहिल्या दोन वाटांनी गेलेली ऊर्जा अजून रासायनिक रूपातच असते, वाळलेल्या पानात आणि लेंडीत शाबूत. ती बुरशी, जिवाणू, वाळवी, गांडुळं यांच्याकडे जाते आणि त्यांच्या श्वसनातून पुढे कधीतरी तिची उष्णता होते. सगळी नव्वद टक्के लगेच उष्णता झाली असं शिकवलं, तर विघटक काय खाऊन जगतात या प्रश्नाला उत्तरच उरत नाही.

आता दहाच का. तिन्ही टप्प्यांचे अंश एकमेकांना गुणले जातात. निम्मं खाल्लं गेलं, खाल्लेल्यातलं निम्मं पचलं आणि पचलेल्यातलं निम्मं अंगाला लागलं, तर उरतो एक अष्टमांश, म्हणजे साडेबारा टक्के. प्रत्येक टप्पा मध्यम असला तरी गुणाकार दहाच्या आसपास येऊन पडतो. त्यातला एक जरी टप्पा कमी पडला तरी उत्तर एक-दोन टक्क्यांवर घसरतं. निसर्गात कुठेही दहा हा आकडा ठरवून दिलेला नाही. तीन अपूर्णांकांचा गुणाकार लहान येतो, एवढंच त्यामागचं गणित.

करून दाखवण्यासारखी गोष्ट पुण्यात जवळपास प्रत्येक सोसायटीत आणि गॅलरीतल्या कुंडीत मिळते: कढीपत्त्यावरचा सुरवंट. पावसाळ्यात कढीपत्ता आणि लिंबाच्या झाडावर स्वॅलोटेल गटातल्या फुलपाखरांच्या अळ्या हमखास असतात. लहान असताना त्या काळपट-पांढऱ्या, पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात. चार वेळा कात टाकली की शेवटच्या, पाचव्या अवस्थेत हिरव्यागार होतात. आपल्याला हवा तो हा हिरवा सुरवंट, आणि तोही नुकतीच कात टाकलेला. त्याच्या आयुष्यातलं बहुतेक खाणं याच थोड्या दिवसांत होतं, त्यामुळे वजनातला फरक साध्या काट्यावरही दिसतो.

काटा ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा हवा; सोनार वापरतात तसला छोटा डिजिटल काटा चालतो. एक झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, झाकणाला बारीक भोकं पाडा, तळाला पांढरा कागद घाला म्हणजे लेंड्या उचलायला सोप्या जातात. कात टाकून झाल्यावर, खायला सुरुवात करण्याआधी सुरवंटाचं वजन घ्या. या वेळी त्याचं आतडं रिकामं असतं, आणि ही बाब पुढे महत्त्वाची ठरते. मग रोज ताजी पानं वजन करून आत ठेवायची, दुसऱ्या दिवशी उरलेली पानं काढून त्यांचं वजन करायचं. लेंड्या दिवसातून दोनदा वेचून वाळवायला ठेवायच्या.

सगळी गडबड होते ती पाण्यामुळे. तोडलेलं पान डब्यात ठेवलं की सुरवंटाने तोंड लावलं नाही तरी त्याचं वजन घटतं, कारण त्यातलं पाणी उडतं. दहा ग्रॅम पानं ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सात उरली, तर तीन ग्रॅम खाल्ली असं धरणं साफ चूक. म्हणून तशाच दुसऱ्या डब्यात, सुरवंट न ठेवता, तेवढीच पानं ठेवायची. शक्यतो एकाच डहाळीच्या शेजारशेजारच्या पर्णिका दोन डब्यांत वाटून घ्या, म्हणजे कोवळ्या-जून पानांचा फरक आड येत नाही. या रिकाम्या डब्यातल्या पानांवरून दोन गोष्टी कळतात: आपोआप किती वजन घटलं, आणि पूर्ण वाळवल्यावर ताज्या वजनाचा कितवा हिस्सा उरला. हिशोब शेवटी कोरड्या वजनातच करायचा, कारण पाण्यात ऊर्जा नसते.

वाळवण्यासाठी शाळेच्या प्रयोगशाळेतलं ओव्हन ६० अंश सेल्सिअसला एक-दोन दिवस लावा. दोन वेळच्या वजनांत फरक पडायचा थांबला की वस्तू वाळली. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये उन्हावर भरवसा ठेवू नका. अर्धवट वाळलेल्या लेंड्यांवर बुरशी धरते, बुरशी त्यातलं अन्न खाऊन टाकते, लेंड्यांचं वजन कमी भरतं, आणि सुरवंटाने खरं पचवलं त्याहून जास्त पचवलं असं उत्तर येतं. पचनाचं प्रमाण साठ-सत्तर टक्क्यांच्या वर येऊ लागलं तर आधी लेंड्या तपासा. त्यांना कुबट वास येत असेल तर तो दिवस हिशोबातून वगळा.

शेवटचं वजन कधी घ्यायचं हे नेमकं सांभाळावं लागतं. कोषात जाण्याआधी सुरवंट खाणं थांबवतो, पातळसर विष्ठा टाकून आतडं रिकामं करतो आणि डब्यात सैरावैरा फिरू लागतो. वजन त्यानंतर घ्या. त्याआधी घेतलं तर आतड्यात भरलेलं पान ‘वाढ’ म्हणून मोजलं जातं आणि आकडा फुगतो. सुरुवातीला आतडं रिकामं, शेवटीही रिकामं, तरच वजाबाकी खरी. सुरवंट मात्र वाळवायचा नाही. या अवस्थेत त्याच्या अंगात साधारण ८० ते ८५ टक्के पाणी असतं, तेवढं धरून कोरडं वजन काढा आणि कोष एखाद्या झाडावर नेऊन टांगा.

आकडे कसे मांडायचे ते एका नमुन्यावर दाखवतो. हे आकडे समजुतीसाठी गोळाबेरीज केलेले आहेत. तुमचे थोडे इकडे-तिकडे येतील. समजा सुरवंटाने सगळे दिवस मिळून ३ ग्रॅम ताजी पानं खाल्ली. कढीपत्त्याच्या पानात ढोबळमानाने दोन तृतीयांश पाणी असतं, म्हणजे कोरडं वजन १ ग्रॅम. वाळलेल्या लेंड्या भरल्या ०.६ ग्रॅम. सुरवंट ०.३ ग्रॅमचा होता तो १.२ ग्रॅमचा झाला, म्हणजे ०.९ ग्रॅम वाढ, आणि १८ टक्के कोरडा अंश धरला तर ०.१६ ग्रॅम.

आता ऊर्जा. वाळलेल्या पानात दर ग्रॅमला सुमारे १८ किलोज्यूल धरा, लेंडीतही जवळपास तेवढीच. सुरवंटाच्या अंगात चरबी असल्यामुळे दर ग्रॅमला २३ किलोज्यूल धरा. तर पोटात गेली १८ किलोज्यूल. लेंड्यांतून बाहेर पडली १०.८. पचली ७.२. अंगाला लागली ३.७. उरलेली ३.५ किलोज्यूल सुरवंटाने श्वसनात खर्च केली.

मुलांना आश्चर्य वाटेल ती गोष्ट इथे आहे. या सुरवंटाने खाल्लेल्या ऊर्जेतली सुमारे २० टक्के स्वतःच्या अंगात साठवली, दहा नव्हे. आणि सगळ्यात मोठं नुकसान उष्णतेत नाही, लेंडीत झालं: दहातले सहा भाग न पचताच बाहेर. पानातलं सेल्युलोज आणि लिग्निन बहुतेक कीटकांना पचत नाही. सुरवंट पान चावून त्याचे तुकडे करतो, त्यातला रस, साखर, प्रथिनं घेतो आणि चोथा टाकून देतो. एक लेंडी पाण्यात भिजवून सुईने फोडा आणि भिंगाखाली धरा: पानाचे बारीक कातरलेले हिरवट तुकडे ओळखू येतात. ‘न पचलेली ऊर्जा’ हे शब्द तिथे डोळ्यांना दिसतात. (कीटकांचं युरिक आम्लही याच लेंडीतून जातं, त्यामुळे पचनाचा आकडा प्रत्यक्षापेक्षा किंचित कमी भरतो. शाळेच्या पातळीवर ते सोडून द्यायला हरकत नाही.)

मग दहा टक्क्यांच्या नियमापेक्षा हा सुरवंट दुप्पट कार्यक्षम कसा? कारण आपण तीनपैकी दोनच टप्पे मोजले. पहिला टप्पा, झाडाने तयार केलेल्यातलं किती खाल्लं गेलं, तो डब्याबाहेर राहिला. कढीपत्त्याच्या झाडाकडे नुसतं पाहा. वर्षभरातल्या नव्या वाढीत खोड आहे, मुळं आहेत, जून पानं आहेत, आणि पानांत तो उग्र वासाचा तेलाचा अंश आहे, जो थोड्याच किडींना मानवतो. झाडझाडोऱ्याच्या परिसंस्थेत शाकाहारी प्राण्यांच्या पोटात निव्वळ उत्पादनाचे, म्हणजे वनस्पतींच्या स्वतःच्या श्वसनानंतर जे उरतं त्याचे, साधारण ५ टक्केच जातात. गवताळ रानात हा आकडा २५ टक्क्यांच्या घरात असतो. उघड्या पाण्यात, जिथे उत्पादक म्हणजे एकपेशीय शैवाल, तिथे तो निम्म्यापर्यंत पोचतो, कारण शैवालाला ना खोड, ना लाकूड. खाणारा त्याला अख्खंच गिळतो. ५ टक्क्यांना आपल्या सुरवंटाच्या २० टक्क्यांनी गुणा: आलं १ टक्का. म्हणजे झाड ते कीटक या पायरीवर पुस्तकातल्या दहा टक्क्यांचा दहावा हिस्सा.

आणखी एक बाब सुरवंटाचा आकडा चढा ठेवते. हा त्याच्या वाढीचा काळ आहे. खाणं आणि वाढणं याखेरीज तो फारसं काही करत नाही. त्याचंच फुलपाखरू झालं की ते उडण्यात ऊर्जा खर्च करतं आणि वजनाने वाढत नाही. पूर्ण जातीचा वर्षभराचा हिशोब मांडला की सरासरी खाली येते. म्हणून एका वाढत्या प्राण्यावरून काढलेली टक्केवारी अख्ख्या पातळीला लावू नये, हे वर्गात आवर्जून सांगा.

आता एक पायरी वर चढू. ३.७ किलोज्यूल साठवलेला हा सुरवंट शिंपी पक्ष्याने उचलला असं धरा. मांस पचायला सोपं, त्यामुळे पक्षी त्यातलं पाऊण पचवतो: २.८ किलोज्यूल. इथवर पक्षी सुरवंटाच्या पुढे आहे. पण शिंपी हा मूठभराहून लहान, उष्ण रक्ताचा जीव. शरीराचं तापमान ४० अंशांच्या आसपास टिकवायला त्याची शेगडी रात्रंदिवस चालू असते, आणि शरीर जितकं लहान तितकी वजनाच्या मानाने कातडी जास्त, म्हणजे उष्णता निसटायला जागा जास्त. प्रौढ पक्षी पचलेल्या ऊर्जेतले जेमतेम एक-दोन टक्के नव्या शरीरात किंवा अंड्यांत घालतो. दोन टक्के धरले तरी ०.०६ किलोज्यूल. घरट्यातली पिल्लं वाढीच्या वयात असतात, त्यांचा आकडा यापेक्षा बराच वर जातो, पण ती थोड्याच दिवसांची गोष्ट.

तोच सुरवंट कुंपणावरच्या सरड्याने खाल्ला तर? पचन ८० टक्के, म्हणजे सुमारे ३ किलोज्यूल. सरड्याला अंग तापवायला अन्न जाळावं लागत नाही, तो उन्हात बसतो. त्यामुळे पचलेल्यातले साधारण १० टक्के त्याच्या वाढीत जातात: ०.३ किलोज्यूल. एकच घास, पण सरड्याच्या अंगात पक्ष्याच्या पाचपट ऊर्जा उरली. सापाला वा शिक्र्याला पुढे किती मिळणार हे मधला भक्षक कोण होता यावर ठरतं. हे दोन आकडे फळ्यावर शेजारी लिहिले की तिसरी वाट, जगण्याचा खर्च, वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

‘ती उष्णता वनस्पती परत का वापरत नाहीत?’ असं कोणी ना कोणी विचारतंच. पेशीतलं काम एटीपीवर चालतं. अन्नातली रासायनिक ऊर्जा एटीपीत साठवताना निम्म्याहून अधिक लगेच उष्णता होऊन जाते, आणि एटीपी वापरताना उरलेल्यातलीही होते. उष्णतेकडून काम करून घ्यायचं तर गरम आणि थंड अशा दोन बाजू लागतात. पेशीच्या आत सगळीकडे तापमान जवळपास सारखंच असतं. त्यामुळे कोणत्याच सजीवाला उष्णतेपासून साखर बनवता येत नाही. पान प्रकाश पकडतं, ऊब नाही. कार्बन, नायट्रोजन फिरून परत येतात, कारण ते अणू आहेत. ऊर्जा येते आणि जाते.

आता हा दहाचा आकडा आला कुठून. आपल्या पुस्तकांत तो रेमंड लिंडमन यांच्या नावाने येतो. लिंडमन यांनी अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या सीडर बॉग नावाच्या लहानशा तळ्याचा ऊर्जेचा हिशोब मांडला. तो निबंध १९४२ साली छापून आला. त्याच वर्षी, छपाईच्या आधी, वयाची २७ वर्षं पूर्ण होण्याआधीच ते वारले. सजीवांच्या पातळ्यांकडे ऊर्जेच्या प्रवाहाच्या नजरेने पाहण्याची पद्धत त्यांच्या या निबंधामुळे रुजली. पण त्यात शाकाहाऱ्यांसाठी आकडा होता १३.३ टक्के आणि मांसाहाऱ्यांसाठी २२.३ टक्के. दहा नव्हता. वर जाताना टक्केवारी वाढते असं त्यांना दिसलं होतं.

त्यानंतर हॉवर्ड ओडम यांनी फ्लोरिडातल्या सिल्व्हर स्प्रिंग्ज या झऱ्याचं मापन केलं आणि १९५७ साली प्रसिद्ध केलं. वर्गात दाखवायला हे आकडे फार चांगले आहेत. एका चौरस मीटरमागे वर्षाला वनस्पतींनी एकूण २०,८१० किलोकॅलरी बांधल्या. त्यातल्या ११,९७७ त्यांनी स्वतःच्या श्वसनात वापरल्या आणि ८,८३३ उरल्या. शाकाहाऱ्यांच्या नव्या शरीरात गेल्या १,४७८. त्यांच्या भक्षकांत ६७. सगळ्यात वरच्या भक्षकांत ६. मुलांना भागाकार करायला लावा: पहिल्या पायरीला सुमारे १७ टक्के, दुसरीला साडेचार, तिसरीला ९. एकाच झऱ्यात तीन पायऱ्यांचे तीन आकडे, आणि दहा त्यातला एकही नाही.

तरी दहा हा आकडा हवेतला नाही. १९९५ साली डॅनियल पॉली आणि विली क्रिस्टेन्सन यांनी पाण्यातल्या ४८ परिसंस्थांच्या हिशोबांतून पायरी-पायरीची टक्केवारी गोळा केली. तिची सरासरी आली १०.१. सुटे आकडे मात्र दूरवर पसरलेले होते, दोन-तीन टक्क्यांपासून वीसच्या वरपर्यंत. पाण्यात हे जुळून येण्याचं कारण आता तुम्हाला तीन टप्प्यांतून सांगता येईल: शैवालातलं सुमारे निम्मं खाल्लं जातं, सूक्ष्म प्राणी त्यातलं ६५ टक्क्यांच्या आसपास पचवतात, पचलेल्यातलं ३० टक्के अंगाला लावतात. ०.५ गुणिले ०.६५ गुणिले ०.३, म्हणजे पावणेदहा टक्के. तेव्हा दहा टक्के ही मुख्यतः पाण्यातल्या अन्नसाखळ्यांची सरासरी आहे. जंगलाला किंवा उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या साखळीला ती डोळे मिटून लावली की हिशोब चुकतो.

शिकवताना आणि गणितं घालताना तीन चुका वारंवार दिसतात. पहिली, सूर्य ते वनस्पती या पायरीलाही दहा टक्के लावणं. पानांवर पडणाऱ्या सूर्यप्रकाशातला साधारण एक टक्काच अन्नात साठतो. प्रकाशातला निम्म्याहून थोडा अधिक भाग तर हरितद्रव्याला वापरताच येत नाही अशा तरंगलांबीचा असतो. ‘सूर्याकडून १०,००० एकक, तर शिक्र्याला किती’ अशा प्रश्नात पहिली पायरी वेगळी धरावी.

दुसरी, एकूण आणि निव्वळ उत्पादन यांची गल्लत. ओडम यांच्या झऱ्यात २०,८१० वर भागलं तर शाकाहाऱ्यांचा आकडा ७ टक्के येतो, ८,८३३ वर भागलं तर १७. दोन्ही भागाकार बरोबर आहेत, पण अर्थ वेगळा. वनस्पतीने स्वतः जाळलेलं अन्न कोणालाच खाता येत नाही, म्हणून पायरीची तुलना निव्वळाशी करावी.

तिसरी जास्त फसवी आहे: उभ्या वजनाला ऊर्जेचा प्रवाह समजणं. इंग्लिश खाडीत मोजलेलं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. तिथे एका चौरस मीटरमागे वनस्पती-प्लवक ४ ग्रॅम आणि त्यांना खाणारे प्राणी-प्लवक २१ ग्रॅम भरले. मनोरा उलटा. मुलं म्हणतील, नियम मोडला. मोडलेला नाही. शैवालाची पेशी एक-दोन दिवसांत दुप्पट होते आणि तितक्याच वेगाने खाल्ली जाते, त्यामुळे एका क्षणी पाण्यात थोडंच दिसतं, पण वर्षभरातली निर्मिती प्रचंड असते. खाणारे मात्र आठवडे, महिने जगतात, म्हणून साठलेले दिसतात. वजनाचा मनोरा उलटू शकतो, संख्येचाही उलटतो (एका वडावर हजारो किडे असतातच), ऊर्जेचा उलटत नाही. ऊर्जेच्या आकड्याला ‘दर चौरस मीटरला, दर वर्षाला’ ही जोड नसेल तर तो प्रवाहाचा आकडाच नव्हे, हे मुलांच्या वहीत लिहून घ्या.

बोर्डाच्या पेपरात अर्थातच १०० एककांचे १० आणि १० चे १ असंच लिहायला सांगा. तिथे अपेक्षित उत्तर तेच आहे. वर्गात मात्र दहा टक्के जिथे खरंच वापरतात, तिथलं गणित घालता येईल. उजनीच्या जलाशयातली चिलापी मुख्यतः शैवाल आणि कुजका गाळ खाते, म्हणून ती दुसऱ्या पातळीजवळची. मरळ लहान मासे, बेडूक, किडे खाते. तिच्या खाण्यातला निम्मा भाग दुसऱ्या पातळीवरचा आणि निम्मा तिसऱ्या पातळीवरचा असेल तर तिची पातळी ३.५ येते: खाद्याच्या पातळ्यांची सरासरी, अधिक एक. पातळी पूर्णांकात नसते हे मुलांना इथे कळतं. मग एक किलो चिलापीमागे सुमारे दहा किलो शैवाल, आणि मरळ शैवालाच्या पहिल्या पातळीपासून अडीच पायऱ्या वर, म्हणून एक किलो मरळीमागे दहाचा अडीच घात, म्हणजे तीनशे किलोंच्या वर. मत्स्य-अभ्यासक असाच हिशोब करतात, आणि तोही अंदाज म्हणूनच. टक्केवारी दहाऐवजी सात धरली तर हेच तीनशे किलो पावणेआठशेच्या आसपास जातात. मुलांना दोन्ही आकड्यांनी गणित सोडवायला लावा, एकदा ०.१ घेऊन आणि एकदा ०.०७ घेऊन.